सूचीचा फोटो ते तक्ता : पानांचे आकडे छापल्यासारखेच कसे उतरवायचे

मराठी पुस्तकात सुरुवातीला असते ती अनुक्रमणिका. शेवटच्या पानांत अकारविल्हे लावलेली नावं, विषय, गावं आणि त्यांच्यापुढे पानांचे आकडे असतात, ती सूची. कुठे तिच्यावर नामसूची लिहिलेलं असतं, कुठे विषयसूची, कुठे नुसतंच 'सूची'. आमच्याकडे कामाला आलेल्या दोघांनी पहिल्याच दिवशी अनुक्रमणिकेचे फोटो काढून आणले होते, म्हणून हे आधी सांगून टाकतो.

सांगलीत आम्ही चार-पाच जण सांगली-मिरज परिसरावरच्या पुस्तकांच्या सूच्या एका तक्त्यात आणतो आहोत. एखाद्याला कृष्णेच्या पुराबद्दल शोधायचं असेल तर त्याला सहा पुस्तकं चाळायला लागू नयेत, एवढाच हेतू. यातली बरीच पुस्तकं वाचनालयाच्या संदर्भ विभागात असतात आणि घरी मिळत नाहीत. म्हणून सूचीच्या पानांचे फोटो घ्यायचे आणि घरी बसून नोंदी उतरवायच्या. काम सोपं वाटतं, आणि शब्दांपुरतं ते सोपंच आहे. घोटाळा होतो तो दोन ठिकाणी. कोणती ओळ कोणाच्या पोटात आहे हे चुकतं, आणि पानांचे आकडे 'नीट' करायचा मोह होतो.

फोटो

एका फोटोत एकच पान घ्या. पुस्तक उघडं ठेवून दोन्ही पानं एकदम टिपली की मधल्या शिवणीकडे कागद वळतो आणि आतल्या बाजूच्या ओळींची सुरुवात वाकडी दिसते. सूचीत ओळ कुठून सुरू होते यालाच अर्थ असतो, त्यामुळे हा वाक परवडत नाही. पान खिडकीशी ठेवा, उजेड एका बाजूने येऊ द्या, वरून फ्लॅश नको. फोन पानाला समांतर धरा. पानाच्या चारही कडा आणि छापील पानक्रमांक फोटोत आला पाहिजे.

फोनमधलं स्कॅनिंगचं ॲप टाळा. ते कागद पांढराशुभ्र करण्याच्या नादात बारीक ठिपके पुसतं, आणि सूचीत स्वल्पविराम, अनुस्वार हे ठिपक्यांएवढेच असतात. साधा कॅमेरा बरा. डेमी आकाराच्या पानाला, म्हणजे साधारण १४ बाय २१.५ सेंटिमीटरला, १२ मेगापिक्सेलचा फोटो भरपूर होतो. तो पुढे पाठवताना मात्र व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून जोडा. फोटो म्हणून पाठवला की तो आकसतो, आणि घरी उघडल्यावर १ आहे की ९ यावर डोळे फोडत बसावं लागतं.

उठण्याआधी आणखी दोन फोटो घ्या. एक शीर्षकपानामागच्या पानाचा, आवृत्ती आणि साल कळण्यासाठी. दुसऱ्या आवृत्तीत पानं सरकलेली असू शकतात, त्यामुळे आवृत्ती न लिहिलेला पानक्रमांक निरुपयोगी. दुसरा फोटो सूचीच्या सुरुवातीला एखादी टीप असेल तर तिचा. ठळक आकडा म्हणजे मुख्य विवेचन, तिरपा आकडा म्हणजे चित्र, 'टी.' म्हणजे तळटीप, असं तिथे लिहिलेलं असतं. ही टीप नसली की पुढे सगळे अंदाज.

ओळ कोणाच्या पोटात आहे

आता एक तुकडा बघू. मधल्या नोंदी गाळून, सूचीच्या पान २३१ च्या डाव्या स्तंभात हे असं छापलेलं आहे असं धरा. पुस्तकाचा मजकूर पान २२८ ला संपतो.

```
आयर्विन पूल ७, ११२-१८, २०१
कृष्णा नदी तीन, ५, ३८-५२,
        ११२ टी.
    घाट ४४-७
    पूर, २००५ १७३-८६
    पूर, २०१९ १९७-९९, २१४-१२
    —वरील पूल, पाहा आयर्विन पूल
खाँ, अब्दुल करीम १४१-४३
    मिरजेतला मुक्काम
        आणि समाधी १४३
```

इथे छापील ओळी दहा आहेत, पण नोंदी आणि उपनोंदी मिळून आठच. कारण दोन ओळी नुसत्या वळलेल्या आहेत. '११२ टी.' ही कृष्णा नदीच्याच आकड्यांची उरलेली शेपटी, आणि 'आणि समाधी १४३' हा वरच्या उपनोंदीचाच राहिलेला भाग. स्तंभ अरुंद असतो, ओळ मावत नाही, ती खाली येते. चांगल्या छापखान्यात अशी वळलेली ओळ उपनोंदीपेक्षाही आत सरकवतात, म्हणजे समास तीन होतात : नोंदीचा, उपनोंदीचा आणि वळलेल्या ओळीचा. नवीन माणूस हा तिसरा समास पाहतो आणि ती उपनोंदीची उपनोंद समजतो. मग तक्त्यात 'आणि समाधी' नावाची एक स्वतंत्र नोंद तयार होते.

ओळ वळलेली आहे हे ओळखायला आधीच्या ओळीचा शेवट बघा. तो स्वल्पविरामावर झाला असेल, किंवा आकडा न येताच झाला असेल, तर पुढची ओळ बहुधा त्याचीच. बहुधा म्हणालो, कारण काही नोंदींना स्वतःचा आकडाच नसतो. नुसतं 'नाट्यसंस्था :' असं शीर्षक आणि खाली उपनोंदी. तिथे समास मोजल्याशिवाय इलाज नाही. स्क्रीनवर पट्टी लावली तरी चालते. मी तर एक पोस्टकार्ड उभं धरतो.

उलटही होतं. काही पुस्तकांत जागा वाचवायला उपनोंदी एकाखाली एक न देता एकाच परिच्छेदात अर्धविरामाने तोडून देतात : 'कृष्णा नदी ५, ३८-५२; घाट ४४-७; पूर, २००५ १७३-८६'. इथे समासाला काहीच अर्थ नाही, अर्धविराम म्हणजे नवी उपनोंद. पुस्तक कोणत्या पद्धतीचं आहे हे पहिल्या पानावर ठरवा आणि मग हात घाला.

स्तंभ बदलताना एक चूक हमखास होते. उजव्या स्तंभाच्या डोक्यावर आत सरकलेली ओळ दिसली तर ती डाव्या स्तंभाच्या तळाशी असलेल्या नोंदीची उपनोंद आहे. कधी छापणारा मेहेरबानी करतो आणि वर 'कृष्णा नदी (चालू)' असं पुन्हा लिहितो. ती नवी नोंद नव्हे. तक्त्यात '(चालू)' येऊ देऊ नका, उपनोंदी मूळ कृष्णा नदीलाच जोडा. म्हणूनच मी उतरवण्याआधी प्रत्येक फोटोचे दोन तुकडे करतो, डावा आणि उजवा, आणि डावा पूर्ण संपल्याशिवाय उजवा उघडत नाही.

मशीनकडून मजकूर काढायचा असेल तर

सूची वीस-पंचवीस पानांची असेल तर सगळं हाताने टाइप करणं जिवावर येतं. ओसीआरने शब्द काढता येतात. टेसरॅक्ट हा मोफत प्रोग्रॅम मराठी वाचतो. त्याची मराठीची फाइल वेगळी बसवावी लागते. एका स्तंभाच्या चित्रावर तो असा चालवायचा :

```
tesseract 231-davi.png 231-davi -l mar --psm 6 tsv
```

शेवटचं `tsv` महत्त्वाचं. साधा मजकूर मागितला की समास हातचे जातात, सगळ्या ओळी डावीकडे चिकटून येतात. `tsv` फाइलमध्ये प्रत्येक शब्दापुढे `left` नावाचा रकाना असतो. चित्राच्या डाव्या कडेपासून तो शब्द किती पिक्सेलवर सुरू होतो, ते त्यात असतं. ओळीच्या पहिल्या शब्दाचे हे आकडे बघितले की ते तीन ढिगांत पडलेले दिसतात : समजा ६० च्या आसपास, १०० च्या आसपास आणि १४० च्या आसपास. पहिला ढीग नोंदींचा, दुसरा उपनोंदींचा, तिसरा वळलेल्या ओळींचा.

पण फोटो सरळ असेल तरच. स्तंभाची उंची २००० पिक्सेल असेल आणि फोटो फक्त एक अंश कलला असेल, तर वरपासून खालपर्यंत डावी कड ३५ पिक्सेल सरकते. १० पॉइंटच्या अक्षरात एका समासाची रुंदी तीनशे डीपीआयला ४२ पिक्सेल असते. म्हणजे तळाशी असलेली मुख्य नोंद डोक्यावरच्या उपनोंदीच्या जवळपास रेषेत येऊन बसते. आकडे तीन ढिगांत न पडता वरून खाली सारखे वाढत किंवा घटत जाताना दिसले, की समजायचं फोटो तिरका आहे. फोनच्या एडिटमध्ये तो सरळ करून पुन्हा चालवा.

ओसीआर शब्द बऱ्यापैकी वाचतो, पण दोन खोडी लक्षात ठेवा. 'नाट्यसंस्था :' मधला अपूर्णविराम तो विसर्ग म्हणून वाचतो आणि 'नाट्यसंस्थाः' करून ठेवतो. आणि 'कऱ्हाड' मधला अर्धा र बिघडतो, 'कर्हाड' होतं. सातारा-सांगलीच्या पुस्तकांत कऱ्हाड पानोपानी असतं, तेव्हा हे एकदाच शोधून बदलून घ्या. मात्र पुस्तकातच 'कराड' छापलं असेल तर कराडच राहू द्या. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकांत 'कांहीं', 'सांगलींतील' असे अनुस्वार दिसतील, तेही राहू द्यायचे.

आकडे मात्र मी ओसीआरवर कधीच सोडत नाही. शब्दात चूक झाली तर डोळ्याला खटकते. '१४१' च्या जागी '१४९' आलं तर कुणाला खटकणार? आकड्यांचा रकाना रिकामा करतो आणि फोटो समोर ठेवून हाताने भरतो.

आकडे

छपाई जुनी असेल तर त्या टाइपातले आकडे आधी ओळखून घ्या. जुन्या खिळ्यांत ५, ८ आणि ९ यांची वळणं आजच्यापेक्षा वेगळी सापडतात, आणि शाई पसरली की १ आणि ९ जुळे भाऊ होतात. याला एक सोपा उपाय आहे. पुस्तकाच्या पान ११, १९, ५८ अशा पानांचे नुसते पानक्रमांक टिपून घ्या. तिथे कोणता आकडा आहे हे तुम्हाला आधीच माहीत असतं, त्यामुळे त्या टाइपातला ९ कसा दिसतो याचा नमुना हाताशी राहतो.

आता वरच्या तुकड्याचा तक्ता असा होईल. रकाने तोडायला उभी रेघ वापरली आहे, कारण स्वल्पविराम आकड्यांच्या आतच असतात.

```
नोंद | उपनोंद | पाने, छापल्याप्रमाणे | पाहा | शेरा
आयर्विन पूल | | ७, ११२-१८, २०१ | |
कृष्णा नदी | | तीन, ५, ३८-५२, ११२ टी. | |
कृष्णा नदी | घाट | ४४-७ | |
कृष्णा नदी | पूर, २००५ | १७३-८६ | |
कृष्णा नदी | पूर, २०१९ | १९७-९९, २१४-१२ | | दुसरी जोडी उलटी; फोटोत अशीच
कृष्णा नदी | —वरील पूल | | आयर्विन पूल |
खाँ, अब्दुल करीम | | १४१-४३ | |
खाँ, अब्दुल करीम | मिरजेतला मुक्काम आणि समाधी | १४३ | |
```

'तीन' हे पान आहे. मराठी पुस्तकांत प्रस्तावनेच्या पानांना अनेकदा अक्षरी क्रमांक असतात : एक, दोन, तीन. त्याचं '३' केलंत की वाचणारा प्रस्तावनेऐवजी पहिल्या प्रकरणात जाऊन पोचतो. 'पूर, २००५' मधलं २००५ हे साल आहे, ते उपनोंदीचा भाग. पुस्तकच २२८ पानांचं असताना २००५ वं पान येणार कुठून, एवढा विचार केला तरी पुरतो. '—वरील' मधली आडवी रेघ म्हणजे 'कृष्णा नदी' हे शब्द. ती सोडवून लिहू नका, रेघच ठेवा. 'पाहा' ला पानं नसतात, तो रकाना रिकामाच सोडायचा. आयर्विन पुलाची पानं उचलून तिथे भरू नका.

आणि '४४-७'. याचा अर्थ ४४ ते ४७. '११२-१८' म्हणजे ११२ ते ११८. शेजारच्याच ओळीत '१७३-८६'. कुठे एक आकडा, कुठे दोन, हे आपल्याला विचित्र वाटतं आणि बोटं आपोआप '४४-४७' टाइप करतात. करू नका. कुणाला पूर्ण आकडे हवेच असतील तर ते शेजारी वेगळ्या रकान्यात काढता येतात, पण एकदा उलगडलेल्या आकड्यावरून मूळ काय छापलं होतं ते परत मिळवता येत नाही.

हे मी चुकून शिकलो. अगदी अशीच एक जोडी, '२१४-१२', मी उतरवताना '२१२-१४' केली. उलटी छापली गेली असणार, सरळ केली, असं माझं मत. दोन महिन्यांनी एक मुलगी तक्त्यावरून ती पानं काढून बसली. २१२ वर पुराचा नुसता शेवट होता, पुढच्या दोन पानांवर त्याचा एक शब्द नव्हता, हळदीच्या बाजारपेठेची माहिती होती. मूळ फोटो काढून बघितला, मग पुस्तक उघडलं. मजकूर २०४ ते २१२ वर होता. छापखान्यात शून्याच्या जागी एक पडला होता, बाकी जोडी बरोबर होती. माझ्या दुरुस्तीने एका चुकीच्या दोन झाल्या, आणि वर ती चूक झाकली गेली, कारण '२१२-१४' बघून कुणालाच शंका येत नाही. '२१४-१२' बघून येते. त्या दिवसापासून शंका फक्त शेऱ्यात जाते. पुस्तकात जाऊन खात्री केली तर तेही शेऱ्यातच : 'मजकूर २०४-१२ वर'. पानांचा रकाना तरीही २१४-१२ च.

तक्ता एक्सेलमध्ये करणार असाल तर टाइप करायच्या आधी पानांच्या रकान्याचा प्रकार 'टेक्स्ट' करून घ्या, नंतर नव्हे. पुस्तकातले आकडे इंग्रजी असतील तर `5-12` ची तारीख होते, आणि स्वल्पविरामानंतर जागा न सोडता छापलेले `12,145` हे बारा हजार एकशे पंचेचाळीस होतं. वर्डमध्ये आपोआप दुरुस्ती बंद ठेवा, नाहीतर काही संयोगचिन्हांच्या लांब रेघा होतात आणि काहींच्या होत नाहीत.

पडताळा

पहिली मोजणी ओळींची. फोटोतल्या ओळी वजा वळलेल्या आणि '(चालू)' च्या ओळी बरोबर तक्त्यातल्या ओळी. आमच्या तुकड्यात दहा वजा दोन, आठ. हे प्रत्येक स्तंभाला करा, पुस्तक संपल्यावर नव्हे. एक ओळ कमी पडली तर ती एका स्तंभात पाच मिनिटांत सापडते, चाळीस स्तंभांत संध्याकाळ जाते.

मग चढता क्रम बघा. एका नोंदीतले आकडे लहानाकडून मोठ्याकडे जातात. मध्येच घसरण दिसली, किंवा २२८ च्या पुस्तकात २९१ दिसलं, तर फोटोकडे परत जा. बहुतेक वेळा १ चा ९ झालेला असतो. फोटोतही तसंच असेल तर शेरा. ही चाचणी सगळं पकडत नाही. '१२, १४' च्या जागी '१२, ९४' झालं तरी क्रम चढताच राहतो.

त्यासाठी दोघांनी बसायचं. एकाने फोटोवरून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने तक्त्यावर बोट ठेवायचं. माझ्यासोबत पुतण्या बसतो. सुरुवातीला मी सरळ 'एकशे त्र्याहत्तर ते शहाऐंशी' असं वाचायचो, आणि तो थांबवायचा, "काका, त्रेसष्ट म्हणालात का त्र्याहत्तर?" एकोणसत्तर आणि एकोणऐंशीचंही तेच. आता मी आकडे सुटे वाचतो : एक सात तीन, रेघ, आठ सहा. स्वल्पविराम, रेघ, 'टी.' हे सगळं तोंडाने म्हणतो. ऐकायला रेल्वेच्या घोषणेसारखं लागतं, पण वाचताना 'काय असायला हवं' याचा विचार डोक्यात येत नाही, समोर आहे तेवढंच तोंडातून निघतं. तळाकडून वर वाचलं तर आणखी बरं, मग पुढच्या ओळीचा अंदाजच बांधता येत नाही.

शेवटी फाइलच्या डोक्यावर चार ओळी लिहा : पुस्तकाची आवृत्ती आणि साल, सूचीची पानं कोणती ते कोणती, रेघेसाठी कोणतं चिन्ह वापरलं, आणि कोणी कधी उतरवलं. मूळ फोटो त्याच फोल्डरमध्ये, `231-davi` अशाच नावांनी राहू द्या. सूचीचं पान आणि स्तंभ फाइलच्या नावातच असले की शेऱ्यातली शंका तपासायला दुसऱ्या कुणालाही तुम्हाला फोन करावा लागत नाही.